माळ घातल्यावर दहा वर्षांनी: एका वारकऱ्याच्या पायाची आणि बी-१२ ची गोष्ट

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझी जनरल प्रॅक्टिस आहे. हे पेशंट माझेच, ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी सगळं घडलं तसंच लिहितोय. त्यांना आपण तात्या म्हणू. वय ५६, शेती, घरी दोन म्हशी. २०१२ च्या कार्तिकीला आळंदीला जाऊन त्यांनी तुळशीची माळ घातली, त्या दिवसापासून मटण, अंडी, सुकट सगळं बंद. त्याआधी दर रविवारी मटण ठरलेलं आणि आठवड्यात एखाद्या वेळी अंड्याची पोळी.

जुलै २०२२ च्या शेवटी ते आले ते काठी घेऊन. कोविडमुळे दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी मोठ्या हौसेनं निघाले होते, पण लोणंदच्या पुढे जमेना आणि तरडगावच्या अलीकडून पोरानं गाडीवर घालून घरी आणलं. काय होतंय विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर, पायाखाली गादी हातरल्यागत वाटतंय. एक चप्पल कुठं निसटली ते कळलंच न्हाई, मागनं येणाऱ्या माणसानं सांगितलं तवा बघितलं." मग काकू म्हणाल्या, "आन मोरीत तोंड धुताना दोनदा पुढं पडलेत बघा."

हे मोरीतलं पडणं मला महत्त्वाचं वाटलं. तोंडावर पाणी मारताना माणूस डोळे मिटतो. पाय कुठं आहेत, अंग किती कललंय ही खबर पायाकडून मेंदूला जात नसेल तर माणूस नजरेच्या आधारावर उभा असतो, आणि डोळे मिटले की तो आधारही जातो. अंधारात गोठ्यात जाताना तोल जातो का विचारलं, तर हो म्हणाले, वर्षभरापासून बॅटरी असल्याशिवाय जातच नव्हते.

आता इथं माझी चूक सांगायला पाहिजे. तात्यांना २०१७ पासून शुगर आहे, मेटफॉर्मिन ५०० ची गोळी दिवसाला दोनदा चालू. २०२१ मध्ये त्यांनी तळपायाला मुंग्या येतात असं मला सांगितलं होतं, मी म्हणलं शुगरमुळे असणार, आणि मुंग्यांची गोळी लिहून दिली. पायाला कंप कळतो का ते बघायचा ट्यूनिंग फोर्क ड्रॉवरमध्येच होता, तो काढला नाही. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की डोकं आपोआप शुगरकडे जातं, पण तात्यांची तीन महिन्यांची शुगर तेव्हा ६.८ होती, एवढ्या कंट्रोलमध्ये असलेल्या शुगरनं चार वर्षांत इतकं व्हावं का हा प्रश्न मला पडायला हवा होता.

यावेळी नीट तपासलं. १२८ हर्ट्झचा फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, "काही न्हाई". घोट्यावर ठेवला, "थंड लागतंय फक्त". गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाले हां, आता झणझणतंय. डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला तर दिशा निम्म्या वेळा चुकली. पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला लावले तर मला हात धरावा लागला. गुडघ्याचा झटका जोरात आणि घोट्याचा गायब, आणि तळव्यावर किल्ली ओढली की अंगठा वर जातोय. घोट्याचा झटका गेला म्हणजे पायातली नस गेली, पण गुडघ्याचा वाढला आणि अंगठा वर गेला म्हणजे मणक्यातला मज्जारज्जूसुद्धा दुखावलाय. नुसत्या शुगरनं हे दोन्ही एकत्र सहसा होत नाही.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. जीभ गुळगुळीत, लालसर, वरचे काटे जवळजवळ नाहीत, तिखट लागलं की आग होते म्हणून वर्षभर ठेचा बंद होता. दुसरं म्हणजे बोटांच्या पेरांवर, सांध्यांच्या वरच्या बाजूला काळपट डाग. घरच्यांना वाटलं उन्हानं रापलेत, पण उन्हानं रापलेला हात सगळा सारखा काळा होतो, नुसती पेरं होत नाहीत. आपल्याकडच्या लोकांमध्ये ही खूण बऱ्याचदा दिसते आणि बघायला एक पैसा लागत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

रिपोर्ट आले. बी-१२ होतं ११८ पिकोग्रॅम, दोनशेच्या खाली म्हणजे कमी. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन साठतं, ते ४८, जे १५ च्या आत असावं. हिमोग्लोबिन मात्र ११.९, आणि लाल पेशींचा आकार नॉर्मल. साताऱ्याला एमआरआय केला त्यात मानेतल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी रेघ दिसली, न्यूरोलॉजिस्टनी पण बी-१२ कमी पडून मज्जारज्जू दुखावल्याचंच निदान केलं.

एवढं बी-१२ कमी आणि रक्त इतकं बरं कसं, याचं उत्तर जुन्या फाइलमध्ये मिळालं. २०२० मध्ये थकवा यायचा म्हणून तात्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेले होते, तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ आणि पेशींचा आकार १०६, म्हणजे पेशी फुगलेल्या. नुसतं लोह कमी असतं तर पेशी लहान दिसल्या असत्या. त्या आकड्याकडे कुणी बघितलं नाही, रक्त कमी म्हणून लोह आणि ५ मिलिग्रॅमची फोलिक ॲसिडची गोळी दिली, ती त्यांनी जवळजवळ सहा महिने इमानेइतबारे घेतली, आणि रक्त वाढलं, सगळ्यांना वाटलं बरं झालं.

तिथंच खरा घोटाळा झाला. बी-१२ शरीरात मुख्यतः दोन ठिकाणी लागतं. एका ठिकाणी ते फोलिक ॲसिडच्या जोडीनं काम करतं आणि त्यातून नवीन पेशी बनवायला लागणारा माल तयार होतो, त्याच कामात होमोसिस्टीनची विल्हेवाट लागते. बी-१२ कमी पडलं की अन्नातून आलेलं फोलेट अडकून बसतं आणि रक्ताच्या पेशी नीट विभागत नाहीत, फुगतात. पण वरून फोलिक ॲसिडची गोळी दिली की ती ही अडलेली वाट चुकवून आत जाते, त्यामुळे रक्ताचं काम परत सुरू होतं. दुसरं ठिकाण म्हणजे नसांवरचं आवरण, ते टिकवायचं काम मात्र फोलिक ॲसिड करू शकत नाही, त्याला बी-१२ च लागतं. म्हणजे रक्त सुधारतं, धोक्याची खूण पुसली जाते, आणि नसा आतल्या आत झिजत राहतात. शाकाहारी जेवणात पालेभाज्या आणि डाळींमुळे फोलेट तसंही भरपूर असतं, त्यामुळे आपल्या बऱ्याच पेशंटमध्ये रक्त ठीक असतानाच मुंग्या सुरू होतात. बऱ्याच बायकांमध्ये तर लोहाची कमतरता सोबत असते, तिच्यामुळे पेशी लहान होतात, बी-१२ मुळे मोठ्या होतात, आणि सरासरी आकार नॉर्मल छापून येतो.

आता तात्यांनी विचारलेला प्रश्न. "माळ घालून धा वर्सं झाली. त्यानं व्हायचं आसतं तर तवाच झालं नसतं का?"

मी त्यांना धान्याच्या कणगीचं उदाहरण दिलं. चांगलं खाणाऱ्या माणसाच्या अंगात, बहुतेक लिव्हरमध्ये, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठवलेलं असतं. आपण तीन धरू, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम. रोज त्यातला साधारण हजारावा भाग बाहेर जातो. लक्षात घ्या, ठरलेला आकडा जात नाही, शिल्लक असेल त्याचा हजारावा भाग जातो, त्यामुळे कणगी उतरेल तसा खर्चही कमी होतो. वर्षाला साधारण तीस टक्के उतार. काहीच आवक नसेल तर पहिल्या वर्षाअखेर २१०० च्या आसपास, दुसऱ्याला साडेचौदाशे, पाचव्याला पाचशेच्या खाली. तात्यांची थोडी आवक होती, म्हणून ते आणखी काही वर्षं निभावले. हा ढोबळ हिशोब आहे, माणसामाणसात फरक पडतो, पण इतकी वर्षं काहीच का जाणवत नाही ते यातून कळतं. कणगी निम्मी झाली तरी रोजच्या भाकरीला कमी पडत नाही, तळ लागायला आला की मगच कळतं.

यात शरीराची एक काटकसर पण आहे. लिव्हर रोज पित्तावाटे थोडं बी-१२ आतड्यात सोडतं आणि आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातलं बरचसं परत शोषलं जातं. शाकाहारी माणसाची ही परत घ्यायची सोय चालू असते म्हणून कमतरता यायला वर्षं लागतात. ज्यांच्या जठरात ते शोषायला लागणारं प्रोटीनच बनत नाही त्यांचं हे परत आलेलंही वाया जातं आणि ते दोनतीन वर्षांतच तळाला येतात. मेटफॉर्मिन नेमकं या शोषणात अडथळा आणतं. म्हणजे तात्यांची कणगी २०१२ पासून भरायची जवळपास थांबली होती, आणि २०१७ पासून तिला खालून भोकही पडलं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही असंच काहीसं होतं, कारण अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं ॲसिड लागतं.

मग आवक किती होती ते बघितलं. काकूंना विचारून एका दिवसाचं जेवण लिहून काढलं. सकाळ-संध्याकाळ चहा, भाकरी, पिठलं किंवा आमटी, भाजी, दुपारी ताक, सणाला तूप. घरात दोन म्हशी, पण दूध जातं डेरीला, घरात राहतं ते चहापुरतं. दोन चहांत मिळून शंभर मिली दूध, ताकात एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी आणि ते पाच माणसांत. शंभर मिली दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, उकळलं की त्यातलं काही जातं, आणि चहात तर ते खळखळ उकळतं. तुपात काहीच नाही. सगळं मिळून दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅमही पोटात जात नव्हता, आणि आयसीएमआरनं २०२० मध्ये मोठ्या माणसाची गरज २.२ धरली आहे.

हे घर काही अपवाद नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त प्रमाण शहरातल्या मध्यमवर्गात होतं. म्हणजे खायला मिळत नाही म्हणून हे होतं असं नाही, पोटभर जेवणाऱ्या घरातही होतं.

बी-१२ झाडाला बनवताच येत नाही, प्राण्यालाही नाही, ते फक्त बॅक्टेरिया बनवतात. गाई-म्हशीच्या पोटातले बॅक्टेरिया ते बनवतात म्हणून दुधात येतं. त्यामुळे मोड आलेली मटकी, पालक, शेवगा, मशरूम यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इडली-आंबील आंबवलेली असली तरी तिच्यातले जंतू वेगळे, त्यातून कामापुरतं बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनाच्या डब्यावर आकडा मोठा छापलेला असतो पण त्यातलं बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं, माणसाच्या शरीराला न चालणारं असतं. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात ते घातलेलं असतं हे खरं, पण किलोला साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला पावशेर तांदूळ खाल्ला तरी पाव मायक्रोग्रॅम. फोर्टिफाइड दुधाच्या पिशवीवर ए आणि डी लिहिलेलं असतं, तेही वाचा, त्यात बी-१२ वेगळं घातलेलं नसतं.

दूध-दह्यावरच भागवायचं तर मोठ्या माणसाला रोज अर्धा लिटरच्या आसपास लागेल, आणि ते दिवसभरात विभागून घेतलेलं बरं. कारण जठरातल्या त्या प्रोटीनवर बसून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जाऊ शकतं, त्याच्यावरचं जे असेल त्यातलं शंभरातलं एकच नुसतं झिरपून आत जातं. म्हणूनच १००० ची गोळी बघून घाबरायचं कारण नाही, तिच्यातून शेवटी दहाबारा मायक्रोग्रॅमच अंगाला लागतं. आणि या झिरपण्याला ते प्रोटीन लागत नाही, म्हणून शोषण बिघडलेल्या माणसालाही रोजची मोठी गोळी पुरते.

तात्यांना मी आधी गोळी दिली नाही, मज्जारज्जूवर परिणाम झालेला असताना वाट बघण्यात अर्थ नव्हता. १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन रोज एक असं सात दिवस, मग दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला एक असं दोन महिने. सुरू करायच्या आधी रक्ताचं सॅम्पल घेतलं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण मेडिकलमधून तीन इंजेक्शनं घेऊन मग तपासणी करतात आणि आकडा हजाराच्या पुढे येतो, मग डॉक्टरलाही काही कळत नाही. दोनशे ते तीनशेच्या मधे आकडा आला आणि मुंग्या असतील तर होमोसिस्टीन बघावं, मात्र ते सॅम्पल बर्फात ठेवून त्यातल्या पेशी लगेच वेगळ्या करायला लागतात, लॅबमध्ये दोन तास पडून राहिलं तर आकडा उगाच वाढतो.

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी इंजेक्शन घ्यायच्या आधी हात धरला. "डॉक्टर, एक इचारू का? हे माळेला चालतंय का? आमच्या फडात म्हणत्यात लिव्हरचं सुई आसती." हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. एकेकाळी खरंच लिव्हरचा अर्क टोचायचे, १९२६ मध्ये अमेरिकेत या आजारावर पेशंटला रोज कच्चं-पक्कं लिव्हर खायला घालून पहिल्यांदा गुण आला होता, आणि १९४८ मध्ये त्यातूनच लाल स्फटिकासारखं बी-१२ वेगळं काढलं. पण आता कारखान्यात टाकीमध्ये बॅक्टेरिया वाढवून ते बनवतात, जनावराशी संबंध नाही. फक्त कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणून माळकऱ्यांना आणि जैन पेशंटना मी साधी गोळी लिहितो. हे सांगितल्यावर त्यांनी माळेला हात लावला आणि दंड पुढं केला.

दोन आठवड्यांत जिभेची आग थांबली. मुंग्या मात्र मधे काही दिवस वाढल्या, असं होऊ शकतं हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी इंजेक्शन सोडलं नाही. तीन महिन्यांनी काठी सुटली. पेरांवरचे डाग सहा महिन्यांत फिके झाले, होमोसिस्टीन १३ वर आलं. आता रोज १००० ची गोळी, मेटफॉर्मिन चालू आहे तोवर ती बंद करायची नाही आणि वर्षातून एकदा तपासणी. ज्यांना मेटफॉर्मिन नाही, शोषण चांगलं आहे आणि अजून काही त्रास नाही अशा शाकाहारी माणसाला रोज १० ते ५० मायक्रोग्रॅम पुरतं, पण दुकानात एवढी छोटी गोळी सहसा मिळत नाही, मग १००० ची आठवड्यातून दोनदा घेतली तरी चालते. सायनोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन यात अशा माणसासाठी फार फरक पडत नाही, सायनो स्वस्त आणि जास्त टिकाऊ, नुसत्या नावासाठी दुप्पट पैसे देऊ नका.

एक गोष्ट राहिली. तात्यांनी माळ घातली तेव्हा काकूंनी घरातलं मटण बंद केलं, चूल एकच. २०१९ मध्ये सून आली, ती माहेरी अंडी-मासे खायची, इथं आल्यापासून नाही. तात्यांच्या चौथ्या इंजेक्शनला ती पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती, बाळ पूर्ण अंगावरच्या दुधावर. मी तिचंही रक्त पाठवलं, बी-१२ आलं १४२. गरोदरपणात लोह आणि फोलिक ॲसिड तिनं नियमित घेतलं होतं, त्या गोळीत बी-१२ नव्हतं. आईकडेच कमी असेल तर बाळाला जन्मतः साठा कमी मिळतो आणि दुधातूनही कमी येतं, मोठ्या माणसाला दहा वर्षं लागतात तिथं बाळाला चार ते आठ महिने पुरतात. बाळ हसायचं कमी होतं, मान धरलेली परत सोडतं, कधी हातपाय थरथरतात. या बाळात त्यातलं काही नव्हतं, काकूंच्या खांद्यावरून माझ्या स्टेथोस्कोपला हात घालत होतं. तरी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी बाळाला थेंब सुरू केले, सुनेला इंजेक्शनं आणि मग गोळी, आणि काकूंनी त्या आठवड्यापासून डेरीला जाणाऱ्या दुधातून दोन लिटर घरात ठेवायला सुरुवात केली.

जून २०२३ मध्ये तात्या लोणंदपासून फलटणपर्यंत पालखीबरोबर चालले, मागून पट्टा असलेले सँडल घालून. परत आल्यावर फोर्क लावला. घोट्यावर आता झणझण कळते, मोजली तर चार सेकंद. अंगठ्यावर अजूनही काही नाही, आणि ते परत येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, मुंग्या सुरू झाल्यावर वर्षभराच्या वर वेळ गेला होता.